नव्या शहरात जावे की नाही : संचालक मंडळापुढचे टिपण कसे उभे राहते

कंपनीने नव्या शहरात पाऊल टाकायचे की नाही, हा निर्णय शेवटी सात-आठ पानांच्या एका टिपणावर होतो. व्यवस्थापन ते लिहिते आणि संचालक मंडळ त्यावर मत देते. कंपनी कायदा, २०१३ नुसार अनेक कंपन्यांच्या मंडळाला वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात आणि दोन बैठकांमधले अंतर १२० दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी जाते आणि विषयांची टिपणे साधारण तेवढाच वेळ आधी संचालकांच्या हाती पडतात. म्हणजे ज्यांनी त्या शहरातली बाजारपेठ कदाचित पाहिलेलीही नाही, अशा माणसांना आठवडाभराच्या वाचनावर कोट्यवधींचा निर्णय घ्यायचा असतो. म्हणून टिपणाची बांधणी महत्त्वाची ठरते. त्यात दोन साधने असतात. एक स्वॉट, म्हणजे बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांचा तक्ता, आणि दुसरे आर्थिक मूल्यमापन. बहुतेक टिपणे फसतात ती ही दोन साधने एकमेकांशी न बोलल्यामुळे. तक्ता एका पानावर राहतो, आकडे दुसऱ्या पानावर राहतात आणि तक्त्यातल्या कोणत्या ओळीमुळे कोणता आकडा बदलला, हे कुठेच दिसत नाही.

हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यात बेकरी आणि फराळाची १४ दुकाने असलेली एक कंपनी आहे. सगळा माल एकाच मध्यवर्ती कारखान्यात बनतो. दुकानांची सरासरी विक्री महिन्याला २५ लाख रुपये आहे. कंपनीच्या विस्तार विभागाने नाशिकमध्ये स्वतंत्र कारखान्यासह सहा दुकाने उघडण्याचा प्रस्ताव मांडला आहे. त्यासाठी ४ कोटी ४० लाख रुपये लागतील. कंपनीचे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण गणिताची रीत खऱ्या टिपणातलीच आहे.

शिफारस पहिल्याच परिच्छेदात

चांगले टिपण निष्कर्षापासून सुरू होते. काय मागितले आहे, किती पैसे लागतील, जास्तीत जास्त किती बुडू शकतात आणि कोणत्या अटीवर पुढे जायचे, हे पहिल्या अर्ध्या पानात यावे लागते. त्यामुळे उरलेली पाने वाचताना संचालक प्रत्येक आकडा शिफारशीवर घासून पाहू शकतो. निष्कर्ष शेवटी ठेवला, तर वाचणारा वाटेतल्या आशादायक वर्णनाने आधीच तयार झालेला असतो.

त्यानंतर येतो नेमका प्रश्न. ‘नाशिकमध्ये जावे का?’ हा अर्धाच प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर कशाच्या तुलनेत द्यायचे हे त्यात नाही. या उदाहरणात पर्याय तीन आहेत. पहिला, मूळ प्रस्तावातली सहा दुकाने आणि नवा कारखाना. दुसरा, कारखाना न बांधता तीन दुकाने, ज्यांना रोज रात्री पुण्याहून माल जाईल. तिसरा, नाशिकला न जाता पुण्यातच आणखी दुकाने.

तिसरा पर्याय वरवर सर्वांत सोपा वाटतो. पुण्याच्या उपनगरांत अलीकडे उघडलेली चार दुकाने महिन्याला सरासरी १७ लाखांची विक्री करतात. पण शेजारच्या जुन्या दुकानांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या १७ लाखांतले सुमारे ६ लाख कंपनीच्याच जुन्या गिऱ्हाइकांचे निघाले. गिऱ्हाईक तेच राहिले, फक्त दुकान बदलले. कंपनीच्या दृष्टीने नवी विक्री ११ लाखांचीच. त्यावर शंभर रुपयांमागे ४० रुपये सुटतात, म्हणजे ४ लाख ४० हजार. दुकानाचा महिन्याचा खर्च ३ लाख २० हजार वजा केला की हाती १ लाख २० हजार राहतात. वर्षाचे साडेचौदा लाखही होत नाहीत, आणि त्यासाठी सुमारे ३७ लाख गुंतवावे लागतात. पुणे भरत आले आहे, हे या हिशेबातून दिसते. नाशिकमधली विक्री मात्र पूर्णपणे नवी असेल. नाशिकचा विचार करण्याचे खरे कारण एवढेच आहे आणि टिपणात ते याच शब्दांत लिहिलेले असावे.

स्वॉट : चार चौकटी आणि त्यांच्या मर्यादा

स्वॉट ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. तिचे श्रेय कधी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेला, तर कधी हार्वर्डच्या अध्यापकांना दिले जाते. तिचा गैरवापरही तितकाच जुना आहे. टेरी हिल आणि रॉय वेस्टब्रूक यांनी ब्रिटनमधल्या वीस कंपन्यांत स्वॉट प्रत्यक्षात कशी वापरली जाते हे पाहिले आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. याद्या लांबलचक होत्या, शब्द मोघम होते, मुद्द्यांना क्रम नव्हता, आणि पुढच्या निर्णयप्रक्रियेत त्या याद्या कोणी वापरल्याच नव्हत्या.

हे टाळायचे, तर चौकटीत येणाऱ्या प्रत्येक ओळीला तीन कसोट्या लावाव्या लागतात. तिच्यामागे पुरावा काय आहे? ती योग्य चौकटीत आहे का? आणि तिच्यामुळे पुढच्या हिशेबातली कोणती ओळ बदलते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती ओळ काढून टाकावी.

बलस्थानांपासून सुरुवात करू. विस्तार विभागाने ‘पुण्यातले नावाजलेले नाव’ हे पहिले बलस्थान लिहिले होते. पण बलस्थान त्या शहरातल्या गिऱ्हाइकाला दिसले पाहिजे आणि तिथल्या स्पर्धकापेक्षा सरस असले पाहिजे. पुण्यातल्या पेठेत मिळवलेले नाव नाशिकच्या गंगापूर रोडवर आपोआप पोहोचत नाही. ही ओळ कसोटीत टिकत नाही. पुण्याचा कारखाना रात्रपाळीत अर्धवट रिकामा असतो, ही ओळ मात्र टिकते. उत्पादनाच्या नोंदींवरून महिन्याला सुमारे ५० लाखांचा जादा माल तिथे काढता येतो आणि त्यासाठी रात्रपाळीची ६० हजारांची मजुरी तेवढी वाढते. या एका बलस्थानामुळे नाशिकमधला कारखाना अनावश्यक ठरतो. मात्र त्याला एक अपवाद आहे आणि तोही त्याच ओळीत लिहायला हवा. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे कारखान्यात जागा नसते.

उणिवांमध्ये अंतर येते. पुणे ते नाशिक हा रस्ता चाकण, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा सुमारे २१० किलोमीटरचा आहे. रात्री अकराला निघालेली थंड पेटीची गाडी पहाटे पोहोचते, पण दिवसातून एकदाच. पुण्यात दुपारी संपलेला माल संध्याकाळी पुन्हा येतो, नाशिकमध्ये तो येणार नाही. मग दुकानदार एक तर जास्त माल मागवतो आणि उरलेला टाकतो, किंवा कमी मागवतो आणि संध्याकाळचे गिऱ्हाईक परत पाठवतो. हिशेबात हे असे उतरते : वाया जाणारा माल पुण्यात पाच टक्के असेल, तर नाशिकमध्ये सात टक्के धरावा लागतो. त्यामुळे शंभर रुपयांच्या विक्रीमागे सुटणारी रक्कम ४० ऐवजी ३८ रुपये होते.

संधीच्या चौकटीत सर्वाधिक चुका होतात. ‘सहा दुकाने उघडणे’ असे तिथे लिहिलेले आढळते, पण ती संधी नाही, कृती आहे. कंपनी अस्तित्वात नसती तरीही जी गोष्ट त्या शहरात खरी असती, तीच संधी. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती आणि पुण्याची ३१ लाख २४ हजार. म्हणजे नाशिक पुण्याच्या निम्म्याहूनही थोडे लहान आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नियमित पगार असलेली कुटुंबे तिथे आहेत. ही संधी दुकाने कुठे असावीत आणि किती असावीत, हे ठरवते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचेही नाव प्रस्तावात संधी म्हणून आले होते. पण ती गर्दी बारा वर्षांतून एकदा येते आणि सहा वर्षांच्या हिशेबात नेहमीची विक्री म्हणून धरता येत नाही. टिपणात तिचा उल्लेख राहतो, विक्रीच्या अंदाजात तिला जागा मिळत नाही.

धोक्यांमध्ये स्थानिक स्पर्धा पहिली. नाशिकला चिवड्याची आणि फरसाणाची स्वतःची चव आहे, रुजलेली दुकाने आहेत. नवे दुकान उघडले की जुने दुकानदार काही महिने भाव उतरवू शकतात. म्हणून पहिल्या वर्षाची विक्री पूर्ण क्षमतेच्या ६० टक्के आणि दुसऱ्या वर्षाची ८० टक्के धरली जाते. दुसरा धोका रस्त्याचा. चाकणची कोंडी किंवा पावसाळ्यात घाटातला अडथळा यामुळे एखाद्या सकाळी तिन्ही दुकाने रिकामी राहू शकतात.

हाइन्झ वाइरिश यांनी १९८२ मध्ये या चार चौकटी एकमेकींशी जोडण्याची रीत मांडली. बलस्थान संधीसमोर ठेवायचे, उणीव धोक्यासमोर ठेवायची आणि प्रत्येक जोडीतून काय करता येईल ते पाहायचे. दुसरा पर्याय असाच जन्माला आला. रात्री रिकामा राहणारा कारखाना आणि नाशिकची मध्यम आकाराची बाजारपेठ यांची जोडी जुळवली, की कारखान्याविना तीन दुकाने हा आकार समोर येतो. तीन हा आकडाही मनाने ठरवलेला नाही. कारखान्याची जादा क्षमता महिन्याला ५० लाखांची आहे आणि तीन दुकाने त्यातले ४५ लाख वापरतात.

विक्रीचा अंदाज कुठून येतो

आर्थिक मूल्यमापनातला सर्वांत नाजूक आकडा विक्रीचा. मूळ प्रस्तावात पुण्याची सरासरी, म्हणजे दुकानामागे २५ लाख, जशीच्या तशी घेतली होती आणि तीही पहिल्या महिन्यापासून. त्या गृहीतावर सहा दुकाने वर्षाला ३ कोटी ९६ लाख मिळवतात आणि सगळी गुंतवणूक तेरा-साडेतेरा महिन्यांत वसूल होते. आकडेमोडीत चूक नाही. चूक तुलनेसाठी निवडलेल्या दुकानांत आहे. २५ लाखांच्या सरासरीत वीस-वीस वर्षे जुनी, मोक्याच्या चौकातली दुकाने आहेत.

योग्य तुलना नाशिकशी मिळत्याजुळत्या दुकानांशी व्हायला हवी. पुण्याच्या उपनगरातली नवी चार दुकाने त्यांच्या सर्वांत जवळची आहेत आणि त्यांची सरासरी १७ लाख आहे. शिवाय तिथे गिऱ्हाइकाला कंपनीचे नाव आधीपासून ठाऊक होते, नाशिकमध्ये ते नाही. म्हणून टिपणात १५ लाख धरले जातात. हा आकडाही अंदाजच आहे, पण त्याच्यापर्यंतची वाट कागदावर आहे. एखाद्या संचालकाला तो १४ असावा असे वाटले, तर नेमक्या कोणत्या पायरीवर मतभेद आहे हे तो सांगू शकतो.

पैशाचे गणित

गणितात काय घ्यायचे याचा नियम एकच आहे : या निर्णयामुळे जे पैसे खरोखर येतील किंवा जातील, तेवढेच. नाशिकच्या बाजारपाहणीवर आधीच ४ लाख खर्च झाले आहेत. निर्णय ‘हो’ असो वा ‘नाही’, ते परत येणार नाहीत, म्हणून ते हिशेबात नाहीत. मुख्य कार्यालयाच्या भाड्याचा वाटा नाशिकच्या नावावर टाकण्याची रीत असते, पण नाशिकला न गेल्याने ते भाडे कमी होत नाही. तोही बाहेर. रात्रपाळीची जादा मजुरी मात्र नाशिकमुळेच द्यावी लागते, ती आत.

तीन दुकानांची गुंतवणूक अशी : सजावट आणि उपकरणे ७५ लाख, जागामालकांकडची अनामत १८ लाख, सुरू होण्यापूर्वीचा खर्च ९ लाख, खेळते भांडवल ८ लाख. एकूण १ कोटी १० लाख. महिन्याचा ठरीव खर्च १२ लाख. त्यात प्रत्येक दुकानाचे भाडे, पगार आणि वीज मिळून २ लाख ७० हजार, म्हणजे तिघांचे ८ लाख १० हजार. भाड्याच्या थंड गाडीचे अडीच लाख, रात्रपाळीचे ६० हजार, आणि नाशिकचा व्यवस्थापक व जाहिरात यांचे ८० हजार.

विक्री पूर्ण क्षमतेला पोहोचली की तीन दुकानांची मिळून ४५ लाख. त्यावर ३८ टक्क्यांनी १७ लाख १० हजार सुटतात, १२ लाख खर्च जातो, महिन्याला ५ लाख १० हजार उरतात. वर्षाचे सुमारे ६१ लाख. पण हे तिसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी सुमारे २१ लाखांचा तोटा, दुसऱ्या वर्षी २० लाखांची शिल्लक. यावर सुमारे २५ टक्के प्राप्तिकर धरून आणि उपकरणांचा घसारा सहा वर्षांत समान वाटून हिशेब केला, की हाती पडणारी रक्कम अशी दिसते : पहिल्या वर्षी उणे साडेबारा लाख, दुसऱ्या वर्षी १८ लाख आणि पुढची चार वर्षे दरवर्षी सुमारे ४९ लाख. पहिल्या वर्षाच्या तोट्यावर कर वाचतो, कारण पुण्यातल्या नफ्यातून तो तोटा वजा होतो. पुण्यात नफा नसता, तर हा आधार मिळाला नसता.

पाचव्या वर्षी मिळणारे ४९ लाख आजच्या ४९ लाखांच्या तोलाचे नसतात. कंपनी अशा जोखमीच्या कामावर भाववाढीसह १५ टक्के परतावा अपेक्षित धरते. वरचे आकडे मात्र आजच्या किमतीत मांडले आहेत, त्यांत भाववाढ नाही. म्हणून दरातूनही भाववाढ काढावी लागते. सुमारे पाच टक्के भाववाढ धरली, की उरणारा दर दहा टक्क्यांच्या आसपास येतो. आकडे आजच्या किमतीत आणि दर भाववाढीसह, अशी सरमिसळ टिपणांमध्ये वारंवार होते आणि तिच्यामुळे चांगला प्रस्तावही वाईट दिसतो. अनामतीबाबत उलटे घडते. सहा वर्षांनी ती तेवढ्याच रुपयांत परत मिळते, म्हणून आजच्या किमतीत १८ लाखांचे सुमारे १३ लाखच राहतात.

दहा टक्के दराने सगळ्या रकमा आजच्या मोलात आणून मिळवल्या, त्यातून १ कोटी १० लाख वजा केले, की सुमारे ३४ लाख उरतात. यालाच निव्वळ वर्तमान मूल्य म्हणतात. ते शून्याच्या वर असेल, तर गुंतवणूक अपेक्षित परतावा देऊन वर काही शिल्लक ठेवते. घातलेले पैसे चार वर्षे दोन महिन्यांत वसूल होतात. पहिल्या वर्षाच्या अखेरीस कंपनीचे सर्वाधिक, म्हणजे साधारण १ कोटी २२ लाख, अडकलेले असतात. हा शेवटचा आकडा टिपणात ठळक हवा, कारण बँकेकडून किती रक्कम लागेल हे तोच सांगतो.

हीच रीत सहा दुकानांच्या प्रस्तावाला लावली, दुकानामागे १५ लाख धरले आणि कारखान्याचा महिन्याचा खर्च मोजला, तर निव्वळ वर्तमान मूल्य उणे १ कोटी ४१ लाख येते. माल ताजा मिळाल्याने सुटणारी रक्कम ४० टक्के होते, तरीही कारखान्याचा बोजा भरून निघत नाही. त्यामुळे पहिला पर्याय बाद होतो.

एक आकडा हलवला तर

३४ लाखांची शिल्लक पाहून शिफारस लिहायला घेणे घाईचे ठरेल. विक्री १५ ऐवजी १३ लाखच झाली, तर हेच मूल्य उणे ४४ लाखांवर जाते. दुकानामागे एक लाखाचा फरक मूल्य सुमारे ३९ लाखांनी हलवतो. यावरून शून्याचा बिंदू काढता येतो : महिन्याला सुमारे १४ लाख १० हजार. अंदाज फक्त सहा टक्क्यांनी चुकला, की गुंतवणुकीचा लाभ संपतो.

इथे दोन वेगळ्या सीमा आहेत आणि टिपणे लिहिताना त्यांची सर्रास गल्लत होते. महिन्याचा १२ लाख खर्च भागण्यासाठी तीन दुकानांना मिळून ३१ लाख ६० हजारांची, म्हणजे दुकानामागे साडेदहा लाखांची विक्री पुरते. प्रस्तावांत ‘ना नफा ना तोटा’ म्हणून हाच आकडा छापला जातो आणि १५ लाखांच्या अंदाजासमोर तो फार सुरक्षित वाटतो. पण त्या विक्रीवर घातलेले भांडवल कधीच परत येत नाही. भांडवल अपेक्षित परताव्यासह परत येण्याची सीमा १४ लाख १० हजार आहे. मंडळाला ही दुसरी सीमा दिसली नाही, तर जोखीम तिच्या खऱ्या आकारापेक्षा फारच लहान भासते.

इतर आकडेही हलवून पाहावे लागतात, पण सगळे सारखे महत्त्वाचे नसतात. गाडीचे भाडे दहा टक्क्यांनी वाढले, तर महिन्याला २५ हजारांचा फरक पडतो, तो सोसवतो. विक्री दहा टक्क्यांनी घटली, तर महिन्याला पावणेदोन लाखांची घट होते आणि प्रस्तावच उलटतो. म्हणून टिपणाचा भर विक्रीच्या अनिश्चिततेवर असावा आणि शिफारसही त्याच अनिश्चिततेला उत्तर देणारी असावी.

अटींसह शिफारस

ज्या आकड्यावर सगळे अवलंबून आहे, तो दुकान उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हा तो कमीत कमी पैशांत कसा कळेल, हे शोधावे लागते. या उदाहरणातली शिफारस अशी : सहा दुकानांचा प्रस्ताव नामंजूर करावा, तीन दुकानांचा तत्त्वतः मंजूर करावा, पण पैसे दोन टप्प्यांत द्यावेत. पहिल्या टप्प्यात दोन दुकाने आणि सुमारे ७५ लाख. तिसऱ्या दुकानाचे पैसे पहिल्या दोघांची विक्री पाहून. तिसरे दुकान उशिरा उघडल्याने काही नफा हुकतो आणि गाडी काही महिने अर्धी भरलेली धावते. माहितीसाठी मोजलेली ही किंमत आहे आणि टिपणात ती तशीच नोंदवावी.

ही विक्री कोणत्या खुणेवर तपासायची, हेही आधीच ठरवावे लागते. नवव्या महिन्यात १५ लाखांची अपेक्षा करणे चुकीचे, कारण अंदाजानुसारच पहिल्या वर्षाची सरासरी ९ लाख आहे आणि सातव्या ते नवव्या महिन्यांत ती १० लाखांच्या आसपास असायला हवी. पुढे १४ लाख १० हजारांवर पोहोचणारे दुकान त्या वेळी साधारण ९ लाख ४० हजारांवर असेल. म्हणून खूण साडेनऊ लाखांची. गणपती आणि दिवाळीचे आठवडे सरासरीतून वगळायचे, नाहीतर सणाची विक्री नेहमीची समजली जाईल.

विक्री खुणेच्या खाली राहिली तर काय, याचे उत्तर सहज सुचते त्यापेक्षा वेगळे आहे. दुकाने लगेच बंद करणे योग्य ठरतेच असे नाही. सजावटीचे पैसे एकदा खर्च झाले, की पुढचा निर्णय फक्त पुढच्या पैशांवर होतो. दोनच दुकाने असताना गाडीचा सगळा बोजा त्यांच्यावर पडतो, म्हणून त्यांचा महिन्याचा खर्च दुकानामागे सुमारे १२ लाखांच्या विक्रीवर भागतो. विक्री १३ लाखांवर स्थिरावली, तर नव्याने जाण्याइतकी ती चांगली नाही, पण उघडलेले दुकान चालू ठेवण्याइतकी आहे. अशा वेळी दुकाने चालवावीत, तिसरे मात्र उघडू नये. २४ व्या महिन्यातही सरासरी १२ लाखांच्या खाली असेल, तर दर महिना खिशातून भरावा लागतो. मग बंद करावे. आत जाण्याची सीमा आणि बाहेर पडण्याची सीमा वेगळी असते, हे टिपणात आधी लिहून ठेवले नाही, तर दोन वर्षांनी त्याच बैठकीत एक गट घातलेल्या पैशांकडे बोट दाखवून थांबायला नकार देतो आणि दुसरा पहिल्याच तोट्यावर सगळे गुंडाळायला निघतो.

बाहेर पडण्याची तरतूद मोठ्या कंपन्यांनाही लागते. झोमॅटोने जानेवारी २०२३ मध्ये सुमारे २२५ लहान शहरांतले काम थांबवले. आधीच्या तिमाहीत तिच्यावरून होणाऱ्या एकूण ऑर्डरच्या मूल्यात त्या शहरांचा वाटा ०.३ टक्के होता. तिच्या कामात शहरात दुकाने सजवावी लागत नाहीत. बेकरीच्या दुकानात मात्र भट्टी, काचेची कपाटे आणि भाडेकरार मागे राहतात. म्हणून शिफारशीत जागेच्या कराराची अट येते : ज्या काळात भाडेकरूला जागा सोडता येत नाही, तो काळ बारा महिन्यांपेक्षा जास्त नसावा आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या सूचनेवर सोडता यावी. या अटीसाठी भाडे थोडे जास्त पडले तरी चालते.

बैठकीपूर्वीची तपासणी

टिपण मंडळाकडे जाण्याआधी वित्त विभागातल्या, विस्ताराच्या कामाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीने ते तपासावे. विस्तार विभागाचे यश नव्या दुकानांच्या संख्येवर मोजले जाते, त्यामुळे त्यांचे अंदाज वरच्या बाजूला झुकणे स्वाभाविक असते. तपासणारा स्वॉटमधली प्रत्येक ओळ घेतो आणि हिशेबातल्या तिच्या जागेवर बोट ठेवतो. वाया जाणारा माल सात टक्के दिसतो का, रात्रपाळीची मजुरी धरली आहे का, कुंभमेळ्याची विक्री चुकून शिरली आहे का. उलट दिशेनेही पाहतो. हिशेबात एखादी मोठी रक्कम असेल आणि तक्त्यात तिचा मागमूस नसेल, तर ती कुठून आली हे विचारतो.

एक कायदेशीर बाबही इथेच पाहिली जाते. नाशिकमधली एखादी जागा संचालकाच्या किंवा त्याच्याशी संबंधित संस्थेच्या मालकीची असेल, तर कंपनी कायद्यानुसार त्याला आपला हितसंबंध मंडळापुढे उघड करावा लागतो आणि त्या विषयाच्या चर्चेतून बाजूला राहावे लागते. खासगी कंपनीला यात काही सवलत आहे, पण हितसंबंध उघड करणे तिथेही सुटत नाही.

टिपणाच्या शेवटच्या पानावर ठरावाचा मसुदा असतो. त्यात पहिल्या टप्प्याची रक्कम, ती खर्च करण्याचा अधिकार कोणाला, जागेच्या कराराच्या अटी, नवव्या महिन्याची साडेनऊ लाखांची खूण, चोविसाव्या महिन्याची बारा लाखांची सीमा आणि त्या दोन्ही वेळी आकडे मंडळापुढे कोण ठेवणार, एवढे लिहिलेले असते. मंडळाने तो मंजूर केला, की तो इतिवृत्तात जातो. नऊ महिन्यांनी तोच कागद काढून त्याच ओळींसमोर खरे आकडे भरले जातात.